‘फीडर चार्ज करू नका’ : दळणवळण यंत्रणेची निविदा लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पोलीस, रेल्वे आणि वीज-पाणी खात्यांसाठी नव्या दळणवळण यंत्रणेची निविदा लिहिणाऱ्या समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

माझं निम्म्याहून जास्त आयुष्य वायरलेस सेटच्या दुरुस्तीत आणि टेकड्यांवरच्या रिपीटरच्या खोल्यांत गेलं. आता निवृत्त आहे, कुठल्याही कंपनीचा सल्लागार नाही, विकायला काही नाही. ट्रंक रेडिओची जुनी यंत्रणा काढून त्याजागी मोबाइल नेटवर्कवरचे फोन द्यायचे, असा विचार बऱ्याच कार्यालयांत चालू आहे. या विचाराला माझा विरोध नाही. फक्त ही खरेदी ज्या चाचणीच्या जोरावर होते, ती चाचणी चुकीची आहे, एवढंच सांगायला हे पत्र.

अशी एक चाचणी मी पाहिली आहे. कंपनीचं आणि कार्यालयाचं नाव घेत नाही. वातानुकूलित खोली, टेबलावर सहा नवे फोन, सगळ्यांचे पडदे उजळलेले. एकाने बटण दाबलं, ‘हॅलो, चाचणी’ म्हटलं आणि बाकी पाचांतून आवाज स्वच्छ आला. आमच्या खरखरणाऱ्या सेटपेक्षा कितीतरी गोड. साहेब खूश झाले. मी म्हटलं, फोन खिशात ठेवा, चहा पिऊन येऊ. पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो आणि मी एकालाही न सांगता बाहेरच्या व्हरांड्यातून बोललो, ‘गेट नंबर तीन बंद करा.’ आतल्या तिघांनी ऐकलं, ‘तीन बंद करा.’ एकाने ऐकलं, ‘बंद करा.’ काय बंद करायचं ते त्याने मलाच विचारलं.

हे का झालं ते नीट समजून घ्यावं, कारण सगळा फरक तिथेच आहे. वापरात नसलेला फोन बॅटरी वाचवायला झोपतो. मधूनमधून डोळा उघडून ‘माझ्यासाठी काही आहे का’ असं नेटवर्कला विचारतो. हा काळ नेटवर्क ठरवतं आणि 1.28 सेकंद हा सर्रास ठेवला जाणारा आकडा आहे. म्हणजे नशीब वाईट असेल तर बटण दाबल्यावर सव्वा सेकंद समोरच्या फोनला पत्ताच नसतो. त्यानंतर तो जागा होणार, नेटवर्कशी जोडला जाणार, मग आवाज येणार. सव्वा सेकंदात माणूस तीन-चार शब्द बोलून मोकळा होतो. ट्रंक रेडिओचा सेट असा झोपत नाही. तो रिकामा असतानाही नियंत्रण वाहिनीवर कान लावून बसलेला असतो. तिच्यावर ‘अमक्या गटाचा कॉल, अमक्या वाहिनीवर या’ असा हुकूम आला की गटातले सगळे सेट एकदम तिकडे उडी मारतात. टेट्रा या युरोपीय मानकात बटण दाबल्यापासून बोलायला मिळेपर्यंतचा काळ सुमारे 300 मिलिसेकंद धरला आहे.

मोबाइलवाल्यांनाही हे ठाऊक आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या 3GPP या संस्थेने 2016 मध्ये आपल्या तेराव्या आवृत्तीत बटण दाबून बोलण्यासाठी MCPTT नावाचं मानक आणलं. त्यातही बटण दाबून बोलण्याची परवानगी मिळण्याला 300 मिलिसेकंदांचीच मर्यादा घातली आहे. पण तो आकडा बोलणारा गटात आधीच नोंदलेला आहे असं गृहीत धरतो, आणि ऐकणाऱ्यांचे फोन जागे होऊन पोच देतात की नाही हे त्यात मोजलेलंच नसतं. कागदावरचे 300 आणि खिशातल्या झोपलेल्या फोनचे 300 यांत तफावत असते, आणि विक्रेता त्यातला कुठला आकडा दाखवतोय हे तुम्ही विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

आपल्या भाषेत आणखी एक गोष्ट आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘फीडर चार्ज करू नका’, म्हणजे लाइनमध्ये वीज सोडू नका, यातला ‘नका’ कापला गेला तर उरतं ‘फीडर चार्ज करू’. खांबावर चढलेल्या वायरमनसाठी यापेक्षा वाईट वाक्य नाही. (परमिट कागदावर असतं, फक्त तोंडी शब्दावर कोणी लाइन चार्ज करत नाही, हे मलाही माहीत आहे. पण घाईत काय होतं हे वीज खात्यातल्या जुन्या माणसांना विचारा.) शेवट कापला जाण्याची कारणं दोन. एक माणसाचं : वाक्य संपायच्या आत बटणावरचं बोट उचलणं. ते प्रत्येक यंत्रणेत होतं आणि त्यावर उपाय फक्त सवयीचा. दुसरं यंत्राचं : फोनमध्ये आवाजाचे तुकडे थोडे साठवून मग वाजवले जातात, म्हणजे वाटेत मागेपुढे झालेले तुकडे ओळीने लागतात. ‘बोलणं संपलं’ हा निरोप त्या साठ्याच्या आधी पोचला आणि ॲपने साठा वाजवायच्या ऐवजी फेकून दिला, तर शेपूट गेली. चांगलं ॲप असं करत नाही, स्वस्तातलं करतं. कळायला सोपं आहे. वीस वाक्यं घ्या, प्रत्येकाच्या शेवटी ‘नका’ किंवा ‘नाही’ असावं, आणि ऐकणाऱ्याने ती लिहून काढावीत.

आता मुख्य मुद्दा, गर्दीचा. ट्रंकिंग म्हणजे काय ते बँकेच्या टोकनसारखं आहे. पूर्वी प्रत्येक खिडकीला वेगळी रांग असायची. एका खिडकीसमोर चाळीस माणसं आणि शेजारचा कारकून जांभया देतोय. टोकन आल्यावर रांग एकच झाली, जी खिडकी मोकळी होईल ती पुढच्याला. ट्रंक रेडिओत वाहिन्या अशाच सामाईक असतात. टेट्रामध्ये 25 किलोहर्ट्झच्या एका वाहकावर वेळेचे चार हप्ते पडतात, त्यांना स्लॉट म्हणतात. दोन वाहकांच्या केंद्रात आठ स्लॉट. एक नियंत्रणाला जातो, सात बोलायला उरतात. म्हणजे एका वेळी सात गट बोलू शकतात. आठव्याला रांगेत थांबावं लागतं, आणीबाणीचं बटण दाबलं तर मात्र बाकीच्यांना बाजूला सारून जागा मिळते.

यातली खरी गंमत ऐकणाऱ्यांच्या संख्येत आहे. त्या एका स्लॉटवर पाच जण ऐकोत की पाचशे, रेडिओला फरक पडत नाही. देवळावरच्या भोंग्याला गावात किती कान आहेत याच्याशी काय घेणं!

मोबाइलचं मूळ घडणच एकाने एकाशी बोलण्याचं. दीडशे जणांच्या गटाला आवाज द्यायचा, तर साध्या पद्धतीत तोच आवाज दीडशे वेळा पाठवला जातो. अनंत चतुर्दशीची रात्र घ्या. पुण्यात अलका टॉकीजचा चौक, एका टॉवरच्या एका दिशेत बंदोबस्ताचे दीडशे जण एकाच गटात. आवाजाचा एक प्रवाह, पाकिटांच्या वेष्टनासकट, साधारण 30 किलोबिट प्रतिसेकंद. दीडशेचे झाले साडेचार मेगाबिट. विक्रेत्याच्या स्लाइडवर हा आकडा फार छोटा दिसतो आणि सगळे मान डोलावतात.

अडचण मात्र त्या साडेचार मेगाबिटांत नसते, चिठ्ठ्यांत असते. आवाजाचं पाकीट दर 20 मिलिसेकंदांनी निघतं, म्हणजे प्रत्येक फोनला सेकंदाला पन्नास. दीडशे फोनना सेकंदाला साडेसात हजार. एलटीईचा, म्हणजे 4G चा, टॉवर दर मिलिसेकंदाला ‘हा तुकडा तुझा’ अशी चिठ्ठी प्रत्येक फोनला वेगळी देतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला सरासरी साडेसात चिठ्ठ्या. आता 5 मेगाहर्ट्झच्या वाहकात या चिठ्ठ्यांसाठी एका मिलिसेकंदात वीस-एकवीस खाने असतात. टॉवरजवळच्या फोनला एक-दोन खाने पुरतात, पण इमारतीआडच्या किंवा हद्दीवरच्या फोनला चार, आठसुद्धा लागतात. सरासरी चार धरले तर तीस खाने हवेत, आहेत वीस. म्हणजे रस्ता अर्धा रिकामा असताना नाक्यावरचा पावती फाडणारा माणूस दमून जातो. त्याचं लक्षण असं : आवाज सगळ्यांचा एकदम बंद पडत नाही. जवळच्यांना छान ऐकू येतं, लांबच्यांना तुटक येतं, आणि मग भांडण सुरू होतं की तुझाच सेट खराब आहे.

आवाजाचे दोन तुकडे एका पाकिटात घातले तर चिठ्ठ्या निम्म्या होतात आणि वीस मिलिसेकंद उशीर वाढतो, चालण्यासारखं आहे. 20 मेगाहर्ट्झचा वाहक असेल तर खाने ऐंशीच्या आसपास मिळतात, पण ते मिरवणुकीचं चित्रण टाकणाऱ्या हजारोंबरोबर वाटून घ्यायचे. खरा उपाय आहे तो प्रक्षेपणाचा, म्हणजे एलटीईमधलं eMBMS. त्यात टॉवर एकदाच बोलतो आणि सगळे ऐकतात, थेट भोंग्यासारखं. मानकात ते आहे. मात्र ते तुमच्या शहरातल्या नेमक्या कुठल्या टॉवरवर चालू केलेलं आहे, हे निविदेत नावनिशीवार मागावं लागेल. ‘सपोर्टेड’ या शब्दावर सही करू नका. सपोर्टेड म्हणजे पैसे भरले तर बसवू.

5 मेगाहर्ट्झचा आकडा मी सहज घेतलेला नाही. जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यात एवढाच वाटा दिला. रेल्वेला तो पुरेल, कारण तिचे गट लांबलचक मार्गावर पसरलेले असतात, एका टॉवरखाली गाड्या मोजक्या, आणि तिला गाडी व नियंत्रण यांच्यात आवाजाबरोबर डेटाही हवा आहे. स्वतःचे टॉवर, स्वतःचा पट्टा, आजूबाजूला रील पाहणारी जनता नाही. त्यामुळे रेल्वेचं उदाहरण देऊन शहर पोलिसांना कोणी सार्वजनिक नेटवर्कवरचं ॲप विकत असेल, तर ती दोन वेगळी जनावरं आहेत हे लक्षात असू द्या.

सार्वजनिक नेटवर्क घ्यायचंच असेल तर एक प्रश्न तांत्रिक माणसाला समोर बसवून विचारा : आमचा आवाज कुठल्या QCI वर जाणार? ही नेटवर्कमधली मानाची पायरी समजा. MCPTT च्या आवाजासाठी QCI 65 राखलेला आहे आणि त्याच्या संदेशवहनासाठी QCI 69. दुकानात मिळणारं साधं पुश-टू-टॉक ॲप QCI 9 वर चालतं, जिथे लोकांचे व्हिडिओ चालतात. दोन्ही फोन दिसायला अगदी सारखे. रिकाम्या नेटवर्कवर दोघांचा आवाजही सारखाच. फरक कळतो तो मिरवणुकीच्या रात्री.

शिवाय पायरी वरची मिळाली तरी आधी दार उघडायला हवं. गर्दी फार झाली की टॉवर सामान्य फोनना दारातच थोपवतो. त्यातून आत यायला सिमवर विशेष वर्ग लिहिलेला असावा लागतो : 12 सुरक्षा दलांचा, 13 पाणी-गॅससारख्या सेवांचा, 14 आणीबाणी सेवांचा. तुमची सिमकार्डं साध्या वर्गाची निघाली तर QCI 65 चा करार कपाटात राहील आणि फोन दाराबाहेर. लंडनमध्ये 7 जुलै 2005 च्या स्फोटांनंतर ऑल्डगेट स्टेशनभोवती अशीच दारबंदी लावली होती. विशेष सिमवाले आत, सामान्य लोक बाहेर. आणि सामान्य लोकांत घरच्यांना शोधणारेही आलेच. दारबंदीचा हुकूम कोण देणार, कुणाला विचारून, हे आधी ठरवून ठेवलेलं बरं.

त्याच महिन्यात आपल्याकडे 26 जुलै आला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचे मोबाइल तासन् तास मुके झाले. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत तेच केलं, 2021 च्या जुलैत चिपळूणच्या पुराने पुन्हा. प्रत्येक वेळी वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, जनरेटरला डिझेल घेऊन जायला रस्ता नव्हता. हे परदेशातही घडतं. अमेरिकेत आपत्कालीन सेवांसाठी फर्स्टनेट नावाचं एलटीई नेटवर्क आहे, ते AT&T चालवते. 25 डिसेंबर 2020 ला सकाळी नॅशव्हिलमध्ये AT&T च्या इमारतीबाहेर स्फोट झाला. नेटवर्क लगेच पडलं नाही. वीज तुटली, तळघरात पाणी भरलं, बॅटऱ्यांवर काही तास गेले, आणि मग आसपासच्या भागातल्या फोनसकट फर्स्टनेटही कोलमडलं. एक इमारत गेली आणि शेकडो चांगले टॉवर निकामी झाले, कारण एलटीईचा टॉवर स्वतःच्या बुद्धीने काही करत नाही. त्याला मध्यवर्ती केंद्राशी जोडणारी तार तुटली की तो उभा खांब.

टेट्राचं केंद्र तार तुटली तर स्थानिक पातळीवर येतं. त्या टेकडीखालचे सेट एकमेकांशी गटात बोलत राहतात, फक्त पलीकडच्या टेकडीशी आणि कंट्रोलशी संबंध तुटतो. आणि केंद्रच बंद पडलं तर सेटवर थेट मोड लावायचा. सेट ते सेट, मध्ये कोणी नाही. हातातला सेट एक वॉट किंवा थोडं जास्त देतो, मोकळ्यावर किलोमीटरभर तरी काम होतं. एलटीईच्या मानकांतही या दोन्ही सोयी लिहिलेल्या आहेत. एकटा पडलेला टॉवर चालवायला त्याच्याशेजारी छोटं केंद्र बसवावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. थेट बोलण्याची सोय आहे, पण फोनची ताकद एक पंचमांश वॉट, आणि ती देणारी चिप असलेले फोन बाजारात शोधावे लागतात. ज्यांनी मोबाइलकडे जायचं ठरवलंय त्यांनीही निदान तळघरात, बोगद्यात आणि पुरात जाणाऱ्या पथकांच्या कमरेला रेडिओ सेट ठेवावाच.

आता जुन्या यंत्रणेचंही खरं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा आपल्याच सेटांची आरती करतोय. टेट्रावर फोटो पाठवायचा म्हणजे शिक्षा. एका स्लॉटवर फार तर 7.2 किलोबिट प्रतिसेकंद. अर्धा मेगाबाइटचा फोटो जायला नऊ मिनिटं, तीही वाटेत काही बिघडलं नाही तर. हरवलेल्या मुलाचा फोटो साडेतीनशे पोलिसांच्या हातात एका मिनिटात पडणं हे मोबाइलचंच काम. आणि ट्रंकिंगचाही एक रोग आहे : शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गटातला एक माणूस मिरवणुकीच्या चौकात चहाला येतो. त्याचा सेट इथल्या केंद्रावर नोंदला जातो आणि त्या एका माणसासाठी तो सगळा गट इथला एक स्लॉट खाऊ लागतो. असे तीन-चार पाहुणे आले की सातपैकी निम्मे स्लॉट पाहुण्यांचे, आणि चौकातला गट रांगेत. मी हे लॉग काढून शोधलं आहे. तक्रार होती ‘सेट बिझी दाखवतो’, आणि सेट बिचारा निर्दोष होता. कुठल्या गटाला कुठल्या केंद्रावर येऊ द्यायचं याची यादी करणं हा उपाय. ती यादी वर्षातून एकदा तरी ताजी करायची असते. करत कोणी नाही.

घाई केली तर काय होतं ते ब्रिटनकडे पाहून समजतं. त्यांनी एअरवेव्ह हे टेट्रा नेटवर्क बंद करून सगळ्या पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांना EE कंपनीच्या 4G वर न्यायचं ठरवलं. करार 2015 मध्ये झाले, एअरवेव्ह 2019 च्या अखेरीपर्यंत बंद व्हायचं होतं. पुढे 2022 झालं, मग 2026, मग 2029. मधल्या काळात एक मुख्य कंत्राटदार बाहेर पडला आणि ते काम नव्याने दुसऱ्याला द्यावं लागलं. एवढं सगळं होईपर्यंत दोन्ही यंत्रणांचा खर्च चालूच. तिथला पोलीस शिपाई, त्यांचा बॉबी, मात्र अजून टेट्रावरच बोलतोय. त्यांचे अभियंते मूर्ख नव्हते. जुनं बंद करण्याची तारीख नव्याची परीक्षा होण्याआधीच लिहून टाकली, ही चूक.

म्हणून निविदेच्या मसुद्यात माझ्या तीन चाचण्या घाला, आणि त्या खोलीत नको, चौकात घ्या. पहिली : दीडशे फोन, सगळे खिशात अर्धा तास झोपलेले, सण-मिरवणुकीच्या संध्याकाळी, एकाच टॉवरखाली, आगाऊ न सांगता वीस वाक्यं बोलायची आणि किती जणांनी पहिला व शेवटचा शब्द लिहिला ते मोजायचं. दुसरी : विक्रेत्याच्या देखत त्या टॉवरची मध्यवर्ती केंद्राकडे जाणारी तार काढायची आणि त्याच चौकातल्या दोन हवालदारांना एकमेकांशी बोलायला सांगायचं. तिसरी : टॉवरची वीज बंद करून बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून पाहायचं, आणि टॉवर मेल्यावर तेच दोन हवालदार चौकाच्या दोन टोकांना उभे करायचे.

पहिली चाचणी नापास झाली तर विक्रेत्याला वेळ द्या, प्रक्षेपण चालू करायला सांगा, पुन्हा घ्या. दुसरी-तिसरी नापास झाली तर मोबाइल घ्या, पण फोटो, नकाशा आणि कंट्रोलच्या कामासाठी. गटाचा आवाज रेडिओवरच राहू द्या. दोघांना जोडणारा दुवा बसवला की फोनवरचा अधिकारी आणि सेटवरचा शिपाई एकाच गटात बोलू शकतात. टेकडीवरच्या रिपीटरची जागा, त्याचा परवाना आणि त्याच्या बॅटऱ्यांच्या देखभालीचं कंत्राट मात्र तोपर्यंत रद्द करू नका. परवाना एकदा सोडला की ती फ्रिक्वेन्सी परत मिळवायला काय काय करावं लागतं, ते मी दोनदा केलं आहे.

चाचणीच्या दिवशी उभं राहून कान द्यायला कोणी हवं असेल तर मी येईन. चहा मात्र आधी नको, मधल्या अर्ध्या तासात.

आपला,
एक निवृत्त वायरलेस तंत्रज्ञ